आपल्याच माणसाला 'नाही' लिहिताना

"यावेळी अगदी थोडक्यात राहिलं, पुढच्या वेळी नक्की." आपल्याच ऑफिसमधल्या माणसाने वरच्या पोस्टसाठी इंटरव्ह्यू दिला आणि त्याची निवड झाली नाही, की हे वाक्य आपोआप टाईप होतं. चांगल्या मनानेच होतं. पण माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान हेच वाक्य करतं, कारण त्यातल्या दोन्ही गोष्टी समोरच्याला तपासून बघता येत नाहीत. थोडक्यात म्हणजे कशात आणि किती? आणि पुढच्या वेळी नक्की हा शब्द देणारी मी कोण, पुढची पोस्ट कधी निघेल, पॅनलवर कोण असेल, मी तरी तेव्हा इथे असेन का, यातलं काहीच माझ्या हातात नाही. ऐकणारा मात्र तो शब्द धरून बसतो आणि दीड वर्षाने पोस्ट निघून ती दुसऱ्याला गेली की त्याच्या लेखी ती फसवणूकच असते, आणि त्याचं काही चुकत नाही.

बाहेरच्या उमेदवाराला नाही कळवलं की विषय संपतो. आतल्या माणसाचं तसं नसतं. तो उद्या त्याच मीटिंगला येणार, निवडलेल्या माणसाची ओळख त्यालाही करून दिली जाणार, आणि ज्या पॅनलने त्याला नाही म्हटलं त्यातल्या निदान दोघांशी त्याचं रोजचं काम असणार. म्हणून त्याला जाणारा मेसेज हा नुसता निरोप नाही, पुढचे कितीतरी महिने तो त्या मेसेजच्या आधारावर ठरवणार की इथे राहायचं की निघायचं.

मध्यंतरी आमच्याकडे रोलआउट टीमच्या लीडची पोस्ट होती आणि हायरिंग मॅनेजर मी होते. सपोर्ट टीममधला एक सीनिअर इंजिनिअर त्यासाठी उभा होता. कामात एकदम वाघ, कुठलीही सिस्टिम अडकली की लोक आधी त्याच्याकडे धावतात, आणि आम्ही गेली काही वर्षं बऱ्याच प्रोजेक्टवर एकत्र काम केलेलं, अरे-तुरे वाली ओळख. त्याला लिहिलेल्या मेसेजबद्दलच सविस्तर लिहिते, कारण तो लिहिताना जे प्रश्न आले ते जवळपास प्रत्येक आतल्या उमेदवाराच्या बाबतीत येतातच.

पॅनल तिघांचं होतं आणि निकष चार, पोस्ट जाहीर केली तेव्हाच लिहून दिलेले: तांत्रिक समज, कामाचं नियोजन आणि वाटप, माणसं सांभाळणं, दुसऱ्या विभागांशी समन्वय. प्रत्येकाला १ ते ४ गुण, आणि चारही ठिकाणी किमान ३ हवेत हे आधीच ठरलेलं. तांत्रिकमध्ये त्याला पैकीच्या पैकी मिळाले, समन्वयात ३. नियोजनात २ आणि माणसं सांभाळण्यात २.

आता इथे पहिला पेच आला तो वेळेचा. एचआरचं म्हणणं, ज्याला निवडलंय त्याची ऑफरवर सही होऊ दे, मग बाकीच्यांना कळवू, कारण त्याने नकार दिला तर दुसरा उमेदवार हाताशी हवा. ही पद्धत बहुतेक ठिकाणी असते आणि बाहेरच्यांसाठी ती चालूनही जाते. पण हा दोन निकषांवर किमान पातळीच्या खाली होता. म्हणजे निवडलेल्याने सही केली नसती तरी ही पोस्ट याला मिळणार नव्हती, आम्ही पुन्हा जाहिरात दिली असती. मग त्याचा निकाल दुसऱ्याच्या सहीसाठी अडवून ठेवायला कारणच काय? तेवढे तीन आठवडे तो रोज मेल उघडून बघणार आणि मधेच कुणीतरी कॉरिडॉरमध्ये सांगणार की अरे बाहेरचा कोणीतरी येतोय म्हणे. हे एचआरला असं मांडल्यावर पटलं. तो खरोखर दुसऱ्या क्रमांकावर असता, सगळीकडे पातळीच्या वर, तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा सरळ सांगावं लागतं की निर्णय अजून अंतिम नाही, अमुक तारखेला कळवते, आणि त्या तारखेला काहीही झालेलं असो, कळवायचंच.

दुसरं, आधी बोलायचं की आधी लिहायचं. आधी बोलायचं, समोरासमोर किंवा फोनवर, आणि लिहिलेलं त्याच दिवशी तासा-दोन तासात गेलं पाहिजे. नुसतं बोलून भागत नाही कारण "नाही" हा शब्द कानावर पडला की पुढचं फारसं आत जात नाही, माणूस मान हलवतो, हो हो म्हणतो, आणि घरी गेल्यावर आठवतं ते एखादं अर्धवट वाक्य. लिहिलेलं मात्र तो रात्री परत वाचतो, घरच्यांना दाखवतो, जवळच्या मित्राला फॉरवर्ड करतो. त्यामुळे मी लिहिताना हाच विचार करते की ज्याला इंटरव्ह्यूमधलं काहीच माहीत नाही अशा माणसाने हे वाचलं तर त्याला नेमकं काय झालं ते कळेल का.

कारणांवर सगळ्यात जास्त वेळ गेला. पॅनलच्या नोंदीत पहिल्यांदा जे लिहून आलं होतं ते असं होतं: "लीडरशिपची तयारी अजून कमी वाटते" आणि "ऑनरशिप सोडायला तयार नाही". दोन्ही खरं असेल, पण दोन्ही निष्कर्ष आहेत, आणि निष्कर्ष हातात दिला की समोरचा एकतर भांडतो किंवा खचतो, तिसरं काही करू शकत नाही. मी पॅनलला विचारलं की हे तुम्हाला कशावरून वाटलं, त्याने काय केलं किंवा काय म्हटलं ते सांगा. मग खरा माल बाहेर आला.

नियोजनासाठी सगळ्या उमेदवारांना एकच कागद दिला होता: सहा आठवड्यांचं रोलआउट, पाच माणसं, त्यातल्या दोघांच्या सुट्ट्या ठरलेल्या, आठ कामं, आणि त्यातली चार अशी की ती अडली तर पुढचं सगळं अडतं. लीड तुम्ही आहात, वाटप करा. याने त्या चारही कामांसमोर स्वतःचं नाव लिहिलं. आणि माणसं सांभाळण्याच्या भागात पॅनलने विचारलं की टीममधला एकजण सलग तिसऱ्यांदा काम उशिरा देतोय, काय कराल? उत्तर आलं, "ते काम मी स्वतः उरकून टाकीन, क्लायंटला त्रास नको." प्रश्न फिरवून दोनदा परत विचारला, त्या माणसाशी तुम्ही काय बोलाल असंही विचारलं, तरी तो क्लायंटवरच येत राहिला. त्या माणसाशी बोलणं त्याच्या उत्तरात आलंच नाही.

हे झालं कारण. हे त्याला स्वतःला आठवणार, तो मनात म्हणणार की हो, मी असंच म्हटलं होतं. कारण पटलं नाही तरी चालेल, पण ते कुठून आलं हे त्याला दिसलं पाहिजे.

गुण मात्र मी लिहिले नाहीत. कोणते दोन निकष कमी पडले ते स्पष्ट लिहिलं, पण २ की ३ हा आकडा दिला की पुढची सगळी चर्चा अडीच का नाही यावर जाते. आणि निवडलेल्या माणसाबद्दल एक अक्षर नाही. एक तर ती त्या माणसाची खासगी माहिती आहे, आणि दुसरं म्हणजे "त्याला तुझ्यापेक्षा जास्त अनुभव आहे" असं लिहिलं की हा पुढे वर्षभर त्याच्याकडे त्याच नजरेने बघणार, तो पहिल्यांदा चुकला की म्हणणार, हाच का तो अनुभव. तुलना करायचीच तर पोस्टला काय लागतं त्याच्याशी करावी.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. आतल्या उमेदवाराला "अनुभव कमी पडला" असं कारण देताना आपण एक गोष्ट सोयीस्कर विसरतो, की तो अनुभव देणं न देणं आपल्याच हातात होतं. या माणसाने कधी कामाचं वाटप केलं नव्हतं कारण त्याला कुणी करूच दिलं नव्हतं. तो तिकिटं इतकी भराभर सोडवतो की त्याच्या मॅनेजरला त्याला तिथून हलवणं परवडत नाही, म्हणजे ज्या गुणामुळे तो सगळ्यांना हवा असतो त्याच गुणाने त्याला जागच्या जागी बांधून ठेवलंय. आणि सगळी अवघड कामं स्वतःच्या अंगावर घ्यायची सवय त्याला लागली कुठून? वर्षानुवर्षं आपण त्याची पाठ याच सवयीसाठी थोपटत आलोय. अशा माणसाला "लीडरशिपचा कोर्स कर" सांगून काय होणार? त्याला माहिती कमी पडली नाही, तसं काम करायची जागा मिळाली नाही. मेसेजमध्ये पुढच्या वाटेबद्दल जे काही लिहायचं, त्यातली प्रत्येक गोष्ट कोणीतरी खरोखर द्यायला तयार आहे का हे लिहिण्याआधी पक्कं करायचं. नाहीतर तो कागद म्हणजे त्याच्या नेहमीच्या कामावर टाकलेलं आणखी काम.

म्हणून मेसेजच्या आधी मी त्याच्या मॅनेजरकडे गेले. मागण्या तीन होत्या. सपोर्टच्या एका मोड्यूलचं आठवड्याचं वाटप बारा आठवडे त्याच्याकडे द्या, दोन ज्युनिअर त्याच्या हाताखाली द्या, आणि त्याचा तिकिटांचा भार तेवढ्या काळासाठी एक तृतीयांशाने कमी करा. पहिली दोन लगेच मान्य झाली. तिसऱ्यावर ते अडले, "तो तिकिटं घेणार नाही तर घेणार कोण?" मी म्हटलं, तो उद्या राजीनामा देऊन गेला तर कोण घेणार आहे? हे जरा टोकाचं बोलणं झालं पण खरं तेच आहे, डावललेला चांगला माणूस काही महिन्यांत बाहेर बघायला लागतो आणि मग शंभर टक्के तिकिटं दुसऱ्याच कुणाला घ्यावी लागतात. शेवटी एक चतुर्थांशावर मान्य झाले. मी एक चतुर्थांशच लिहिलं.

एवढं झाल्यावर त्याच्याशी वीस-पंचवीस मिनिटं बोलले, पहिल्याच वाक्यात निकाल सांगितला, आणि मग हा मेसेज पाठवला.

> मगाशी बोललो ते सगळं लिहून पाठवतेय, म्हणजे तुला निवांत वाचता येईल.
>
> रोलआउट लीडच्या पोस्टसाठी तुझी निवड झालेली नाही. हा निर्णय अंतिम आहे.
>
> पोस्टच्या चार निकषांपैकी तांत्रिक समज आणि समन्वय यात तू पोस्टला लागतं तेवढं किंवा त्याहून जास्त दाखवलंस. नियोजन आणि माणसं सांभाळणं या दोन ठिकाणी कमी पडलं. कशावरून, ते लिहिते.
>
> नियोजनाच्या कागदावर जी चार कामं अडली तर सगळं अडतं, त्या चारही ठिकाणी तू स्वतःचं नाव टाकलंस. या पोस्टवर एका वेळी तीन-तीन रोलआउट चालतात, त्यात लीड चार ठिकाणी अडकला तर बाकीच्यांना विचारायला कोणी राहत नाही. दुसरं, सलग उशीर करणाऱ्या माणसाबद्दल विचारलं तेव्हा तू ते काम स्वतः करशील असं म्हणालास, आणि परत विचारल्यावरही त्या माणसाशी काय बोलशील हे उत्तरात आलं नाही. लीडच्या कामाचा मोठा भाग हे बोलणंच आहे.
>
> यातला काही भाग असा आहे की तुला आजपर्यंत हे करायची संधीच दिलेली नाही. त्यासाठी तुझ्या मॅनेजरशी बोलून हे ठरवलंय: पुढचे बारा आठवडे एका मोड्यूलचं आठवड्याचं वाटप तू करशील, दोन ज्युनिअर तुझ्याकडे असतील, आणि तुझी तिकिटं एक चतुर्थांशाने कमी होतील. सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात आपण तिघं बसू. तेव्हा मी दोन गोष्टी बघेन. अडणाऱ्या कामांपैकी किती दुसऱ्यांनी पूर्ण केली, आणि दोघांपैकी निदान एकजण तुला न विचारता ऑन-कॉलची पाळी सांभाळतोय का.
>
> हे केल्याने पुढची पोस्ट मिळेल असं मी सांगू शकत नाही. या वर्षात लीडची दुसरी पोस्ट निघेल असं आज दिसत नाही. निघाली तर ती सगळ्यांसाठी खुली असेल आणि हेच चार निकष असतील. तेव्हा नियोजन आणि माणसं यावर तुझ्याकडे सांगायला प्रत्यक्ष केलेलं काम असेल, एवढंच मी आज म्हणू शकते.
>
> हे सगळं घ्यायचंच असं नाही. विचार करून पुढच्या आठवड्यात सांग. आणि यातलं एखादं कारण चुकीचं वाटत असेल तर नक्की लिही.
>
> निवड झालेल्या व्यक्तीचं नाव जाहीर होईल तेव्हा त्याच्या आदल्या दिवशी मी स्वतः तुला सांगेन.

यात काय नाही तेही सांगते. "तुझ्या योगदानाची आम्हाला कदर आहे" वगैरे नाही, कारण नकाराच्या पत्रात आलेलं मोघम कौतुक कुणालाच खरं वाटत नाही, उलट मलमपट्टी दिसते. जे चांगलं होतं ते निकषाच्या नावाने एका वाक्यात आलंय, तेवढं पुरे. "मला फार वाईट वाटतंय" नाही, मला वाटत होतंच, पण ते वाचून त्यालाच माझी समजूत काढावी लागली असती. आणि नव्या लीडला सिस्टिम समजावून द्यायला मदत कर ही विनंतीही नाही, ती कधीतरी करावी लागणारच होती कारण त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही, पण ती त्याच मेसेजमध्ये टाकणं म्हणजे जखमेवर मीठ. ती नंतर, वेगळी, आणि त्याच्या मॅनेजरमार्फत.

शेवटच्या आधीच्या ओळीवर, म्हणजे कारण चुकीचं वाटलं तर लिही, एचआर जरा नाराज होतं. वाद वाढेल म्हणे. मला उलट वाटतं. त्याला पटलं नसेल तर वाद होणारच आहे, फक्त तो माझ्याशी न होता जेवणाच्या टेबलावर होईल. शिवाय कारण प्रसंगावर बांधलेलं असेल तर उत्तरही प्रसंगावरच येतं, तू माझ्यावर अन्याय केलास असं सहसा येत नाही.

आलं तसंच. दोन दिवसांनी त्याचा रिप्लाय आला, तीनच ओळींचा. त्याचं म्हणणं, चार कामांपैकी दोन सर्व्हरवरची होती, आणि कागदावरच लिहिलं होतं की सर्व्हरचा ॲक्सेस फक्त लीड आणि एका सीनिअरकडे आहे, आणि ती सीनिअर नेमकी त्याच आठवड्यांत सुट्टीवर होती, मग तिथे दुसऱ्या कुणाचं नाव लिहिणार? मी कागद काढून बघितला. बरोबर होतं त्याचं. त्या दोन कामांसाठी दुसरं नाव टाकायला त्या कागदाने जागाच ठेवली नव्हती. उरलेल्या दोन कामांना असं काही बंधन नव्हतं आणि तिथेही त्याचंच नाव होतं, आणि दुसरं कारण तर जसंच्या तसं उभं होतं. म्हणजे निर्णय बदलत नव्हता, पण कारणातला एक भाग बदलत होता, आणि तो नुसता मनात बदलून उपयोग नाही. पॅनलच्या दोघांना कळवलं, नोंदीत दुरुस्ती केली, पुढच्या वेळेसाठी नियोजनाच्या कागदातली ती अट काढायला सांगितली, आणि त्याला परत लिहिलं: "सर्व्हरच्या दोन कामांबद्दल तुझं म्हणणं बरोबर आहे, तिथे तुझंच नाव यायला हवं होतं. उरलेली दोन कामं आणि माणसांबद्दलचा मुद्दा तसाच आहे, त्यामुळे निर्णय तोच राहतो. नोंदीत दुरुस्ती केली आहे."

आणि यातून एक गोष्ट निघाली जी आधी आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात नव्हती. त्याच्या खऱ्या कामातही हेच होतं. सपोर्टच्या त्या मोड्यूलचा ॲक्सेसही त्याच्याकडे आणि आणखी एकाकडेच होता, म्हणजे बारा आठवडे त्याने कितीही मनापासून कामं वाटायची म्हटली असती तरी अवघड कामं फिरून त्याच्याकडेच आली असती, आणि मी सहाव्या आठवड्यात बसून म्हटलं असतं की बघ, अजून सोडवत नाही तुला. मग वाटेत चौथी गोष्ट घातली, दोन्ही ज्युनिअरना ॲक्सेस आणि त्यासाठी लागणारं प्रशिक्षण पहिल्या दोन आठवड्यांत.

हे सगळं घेतो म्हणाला, पण त्याचीही एक अट होती. तिकिटं एक चतुर्थांशाने कमी होणार हे त्याला माझ्याकडून नको होतं, स्वतःच्या मॅनेजरकडून लेखी हवं होतं, कोणत्या तारखेपासून आणि ती तिकिटं कुणाकडे जाणार या नावांसकट. मागणी रास्त होती. मॅनेजरने तो ईमेल शुक्रवारी पाठवला आणि सोमवारी सकाळी वाटपाचा पहिला तक्ता त्याने आम्हा दोघांना पाठवला, त्यात अडणारी तीन कामं होती आणि त्याचं नाव एकासमोर होतं.